विश्लेषण : पगार पाच टक्के वाढला, हातात एक टक्काही का आला नाही?

पगारवाढीचे पत्र हातात पडले की त्यातला टक्का पाहून पुढचे बेत ठरतात. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात राहून लोकलने ठाणे, ऐरोली किंवा मुंबई गाठणाऱ्या अनेक कुटुंबांत हा बेत बहुधा घराचा असतो. वाढलेल्या पगारातून घरकर्जाचा हप्ता किती झेपेल, याचा अंदाज त्या टक्क्यावरून बांधला जातो. पत्रातला टक्का मात्र करापूर्वीच्या पगारावर असतो आणि हप्ता जातो करानंतरच्या पगारातून. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून १२ लाख ७५ हजारांपर्यंतच्या पगारावर प्राप्तिकर लागत नाही. त्यामुळे या मर्यादेच्या जरा अलीकडे असलेल्या आणि वाढ मिळून पलीकडे गेलेल्या नोकरदारांचा हिशेब सर्वांत जास्त चुकतो. ही वाढ आणि कपात नेमकी कशी मोजायची, याचे विश्लेषण.

१० टक्के वाढ आणि १० टक्के कर यांची फिट्टंफाट का होत नाही?

समजा पगार ४० हजार रुपये आहे. तो १० टक्क्यांनी वाढला की ४४ हजार होतो. आता १० टक्के कर कापला, तर कपात ४ हजारांची नाही, ४ हजार ४०० रुपयांची होते. हातात ३९ हजार ६०० रुपये येतात. वाढ ४० हजारांवर मोजली गेली आणि कपात ४४ हजारांवर. टक्का तोच असला तरी तो ज्या रकमेवर लागतो ती रक्कम बदलली आहे.

म्हणून टक्क्यांतून टक्के वजा करायचे नसतात, गुणाकार करायचा असतो. १० टक्के वाढ म्हणजे रकमेला १.१० ने गुणणे आणि १० टक्के कपात म्हणजे ०.९० ने गुणणे. १.१० × ०.९० = ०.९९, म्हणजे मूळ रकमेचे ९९ टक्के. गुणाकारात क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाही. आधी कर कापून ३६ हजार केले आणि त्यावर १० टक्के वाढ दिली, तरी उत्तर ३९ हजार ६०० रुपयेच येते.

या उदाहरणातून ‘पगारवाढ होऊन नुकसान झाले’ असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. वाढीपूर्वी कर कापला जात होता की नाही, यावर ते अवलंबून आहे. आधीही १० टक्के कापले जात असतील, तर हातात येणारी रक्कम ३६ हजारांवरून ३९ हजार ६०० वर गेली आणि ही वाढ पूर्ण १० टक्क्यांची आहे. कपातीचा टक्का वाढीपूर्वी आणि वाढीनंतर सारखाच असेल, तर हातातली रक्कमही वाढीच्याच टक्क्याने वाढते. वाढीमुळे कपात नव्याने सुरू झाली किंवा तिचा टक्का बदलला, तरच वाढीचा काही भाग गळतो.

असा सरसकट टक्का कोणाच्या बाबतीत लागतो?

पगारदारांच्या नाही, तर व्यावसायिक शुल्कावर काम करणाऱ्यांच्या बाबतीत. कंपनीच्या पटावर नसलेले, दरमहा ठरावीक मानधन घेणारे डिझायनर, सल्लागार किंवा लेखापाल यांच्या शुल्कातून साधारणपणे १० टक्के टीडीएस कापला जातो. उल्हासनगरमधल्या एखाद्या व्यावसायिकासाठी काम करणाऱ्या अशा डिझायनरचे मानधन दरमहा ६० हजार आहे असे धरू. टीडीएस जाऊन त्याला ५४ हजार मिळतात. मानधन ८ टक्क्यांनी वाढून ६४ हजार ८०० झाले, की ६ हजार ४८० रुपये कापले जातील आणि हातात ५८ हजार ३२० येतील. ही वाढ बरोबर ८ टक्के आहे.

इथे कापलेले पैसे म्हणजे अंतिम कर नव्हे, आगाऊ भरलेला कर आहे. या डिझायनरचे वर्षभराचे मानधन ७ लाख ७७ हजार ६०० रुपये होते. दुसरे काही उत्पन्न नसेल, तर नव्या करप्रणालीत त्याला कर लागत नाही. वर्षभरात कापले गेलेले ७७ हजार ७६० रुपये त्याला विवरणपत्र भरल्यावर परत मिळतात. विवरणपत्र भरलेच नाही, तर ते सरकारकडेच राहतात.

पगारदारांचा कर कसा मोजतात?

पगारावरचा कर टप्प्यांत लागतो. २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत करपात्र उत्पन्नाच्या पहिल्या ४ लाखांवर कर नाही. ४ ते ८ लाखांच्या टप्प्यावर ५ टक्के, ८ ते १२ लाखांवर १० टक्के आणि १२ ते १६ लाखांवर १५ टक्के कर आहे. पुढचे दर आणखी चढत जातात. त्याआधी पगारातून ७५ हजारांचे स्टँडर्ड डिडक्शन वजा होते आणि निघालेल्या करावर ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर लागतो.

टप्प्यांचा अर्थ असा की वरचा दर फक्त त्या टप्प्यातल्या रकमेवर लागतो, सगळ्या पगारावर नाही. वार्षिक पगार १५ लाख असणाऱ्याला ८ टक्के वाढ मिळाली, तर पगार १६ लाख २० हजार होतो. वाढ १ लाख २० हजारांची आहे. स्टँडर्ड डिडक्शननंतर हे दोन्ही आकडे १२ ते १६ लाखांच्या टप्प्यातच पडतात. म्हणून वाढीव रकमेवर १५ टक्के कर आणि त्यावर उपकर, म्हणजे एकूण १५.६ टक्के जातात. वाढीतले १८ हजार ७२० रुपये सरकारकडे गेले आणि १ लाख १ हजार २८० रुपये हातात आले. कर जाऊन उरणारी रक्कम १४ लाख २ हजार ५०० वरून १५ लाख ३ हजार ७८० वर गेली. पत्रातले ८ टक्के प्रत्यक्षात सुमारे ७.२ टक्के झाले.

बहुतेक पगारदारांचा अनुभव असाच असतो. टप्पा बदलला म्हणून पगार घटतो, हा समज त्यामुळे साधारणपणे खोटा आहे. पण एका ठिकाणी तो जवळजवळ खरा ठरतो.

१२ लाख ७५ हजारांच्या पुढे काय होते?

१ फेब्रुवारी २०२५ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी अर्थसंकल्पात १२ लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त करण्याची घोषणा केली. टप्प्यांप्रमाणे १२ लाखांवर ६० हजार रुपये कर होतोच. मात्र प्राप्तिकर कायद्याच्या कलम ८७ए खालील सवलतीमुळे तो पूर्ण माफ होतो. स्टँडर्ड डिडक्शन धरले की पगारदारांसाठी ही मर्यादा १२ लाख ७५ हजार होते. ही सवलत टप्प्यासारखी नाही, उंबरठ्यासारखी आहे. उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर ती मिळते, बाहेर गेले की जाते. फक्त एवढाच नियम असता, तर एका रुपयाच्या वाढीने ६० हजारांचा कर बसला असता.

तसे होऊ नये म्हणून मार्जिनल रिलीफ, म्हणजे सीमान्त सवलत दिली जाते. उत्पन्न १२ लाखांच्या जेवढे वर गेले असेल, त्यापेक्षा जास्त कर घेतला जात नाही. करपात्र उत्पन्न १२ लाख १० हजार असेल, तर कर ६१ हजार ५०० ऐवजी १० हजार रुपये होतो. सवलत वाटते, पण वरचे सगळे १० हजार करात गेले आहेत. त्यावर ४ टक्के उपकर म्हणजे ४०० रुपये वेगळे भरावे लागतात. या पट्ट्यात वाढलेल्या प्रत्येक १०० रुपयांमागे १०४ रुपये जातात.

हा पट्टा करपात्र उत्पन्न सुमारे १२ लाख ७० हजार ५८८ रुपये होईपर्यंत चालतो. तिथे टप्प्यांप्रमाणे येणारा कर आणि वरची रक्कम सारखी होते आणि पुढे नेहमीचा १५ टक्क्यांचा हिशेब सुरू होतो. वाटेत वाया गेलेला उपकर भरून निघायला आणखी थोडी मजल मारावी लागते. परिणामी वार्षिक पगार १२ लाख ७५ हजारांवरून सुमारे १३ लाख ४९ हजारांपर्यंत वाढला, तरी कर भरून उरणारी रक्कम १२ लाख ७५ हजारांच्या वर जात नाही.

प्रत्यक्ष हिशेब कसा दिसतो?

बदलापूरहून ऐरोलीला जाणाऱ्या एका कर्मचाऱ्याचा वार्षिक पगार १२ लाख ६० हजार आहे असे समजू. त्यात मूळ वेतन निम्मे आहे. भविष्य निर्वाह निधीतला कंपनीचा वाटा या आकड्यात धरलेला नाही. त्याला ५ टक्के वाढ मिळाली आणि पगार १३ लाख २३ हजार झाला. वाढ वर्षाला ६३ हजारांची, म्हणजे महिन्याला ५ हजार २५० रुपयांची आहे.

वाढीपूर्वी प्राप्तिकर शून्य होता. वाढीनंतर करपात्र उत्पन्न १२ लाख ४८ हजार होते. मार्जिनल रिलीफनुसार कर ४८ हजार आणि उपकर १ हजार ९२० मिळून ४९ हजार ९२० रुपये होतात. ६३ हजारांतून ते गेले की १३ हजार ८० रुपये उरतात.

भविष्य निर्वाह निधीची कपात यानंतर येते. ती मूळ वेतनाच्या १२ टक्के असेल, तर मूळ वेतन वर्षाला ३१ हजार ५०० रुपयांनी वाढल्याने कपातही ३ हजार ७८० रुपयांनी वाढते. हे पैसे कर्मचाऱ्याच्याच खात्यात साठतात, पण हप्ता भरायला उपयोगी पडत नाहीत. नव्या करप्रणालीत त्यांची वजावटही मिळत नाही. महाराष्ट्राचा व्यवसाय कर वर्षाला २ हजार ५०० रुपये आहे आणि तो वाढीपूर्वी जेवढा होता तेवढाच राहतो.

अखेर हातात येणारी वाढ वर्षाला ९ हजार ३०० रुपये, म्हणजे महिन्याला ७७५ रुपये आहे. महिन्याची सरासरी ९८ हजार ४९२ वरून ९९ हजार २६७ रुपयांवर गेली. पत्रात ५ टक्के आणि हातात ०.८ टक्क्यांहून कमी. ‘वरच्या टप्प्याचा दर १५ टक्के आहे, म्हणजे ५ हजार २५० मधले साधारण साडेचार हजार तरी मिळतील’ असे धरून ज्याने घरकर्जाचा हप्ता वाढवला, त्याचे महिन्याचे गणित कोलमडते.

याच कर्मचाऱ्याला ५ ऐवजी सुमारे १.२ टक्के वाढ मिळाली असती, तर पगार १२ लाख ७५ हजारांवर थांबला असता आणि कर शून्यच राहिला असता. त्या वर्षापुरते हातात येणारे पैसे ५ टक्के वाढीपेक्षा जास्त असते. अर्थात पुढच्या वर्षीची वाढ मोठ्या पगारावर मोजली जाते, त्यामुळे वाढ नाकारणे शहाणपणाचे नाही. हा पट्टा बहुधा एकदाच ओलांडावा लागतो.

वाढ मिळूनही सॅलरी स्लिपवर रक्कम कमी का दिसते?

कंपनी वर्षभराच्या उत्पन्नाचा अंदाज घेते आणि त्यावरचा कर उरलेल्या महिन्यांत वाटून कापते. वरच्याच उदाहरणात वाढ एप्रिलपासून लागू झाली, पण पत्र जुलैत आले असे समजू. एप्रिल ते जून कर कापलेला नाही, कारण जुन्या पगारावर तो शून्य होता. आता ४९ हजार ९२० रुपये जुलै ते मार्च या ९ महिन्यांत कापायचे आहेत, म्हणजे दरमहा सुमारे ५ हजार ५४७ रुपये. भविष्य निर्वाह निधीची कपात जाऊन महिन्याची वाढ उरते ४ हजार ९३५ रुपयांची.

जुलैत तीन महिन्यांची थकबाकी मिळाल्यामुळे पगार भरघोस दिसतो. ऑगस्टपासून मात्र तो वाढीपूर्वीपेक्षाही महिन्याला सुमारे ६०० रुपयांनी कमी येतो. यात लेखा विभागाची चूक असतेच असे नाही. पडताळा घ्यायचा असेल, तर स्लिपवर दाखवलेला वर्षाचा अंदाजित कर पाहावा. तो ४९ हजार ९२० च्या आसपास असेल, तर सवलत धरली आहे. तो ६९ हजार ८८८ असेल, तर मार्जिनल रिलीफ धरायचे राहिले आहे. तसे झाले असल्यास ते कंपनीच्या लक्षात आणून द्यावे. जास्त कापलेला कर विवरणपत्र भरल्यावरही परत मिळतो.

उलटी अडचणही येते. पगार बरोबर १२ लाख ७५ हजार आहे म्हणून कंपनी कर कापत नाही, पण मुदत ठेवीवर १० हजार रुपये व्याज मिळालेले असते. हे व्याज एकूण उत्पन्नात धरले जाते आणि विवरणपत्र भरताना १० हजार ४०० रुपये भरावे लागतात.

कमी पगाराच्या नोकरीतही असा उंबरठा आहे का?

अंबरनाथ आणि बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत महिन्याला वीस-पंचवीस हजारांवर काम करणाऱ्यांना प्राप्तिकराची चिंता नसते. त्यांच्या स्लिपवर व्यवसाय कर मात्र असतो. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून महिन्याला २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना हा कर नाही. त्यापुढे दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात.

एखाद्या महिलेचा पगार २४ हजार ५०० असेल आणि २ टक्के वाढ मिळाली, तर तो २४ हजार ९९० होतो आणि व्यवसाय कर लागत नाही. अडीच टक्के वाढ मिळाली, तर तो सुमारे २५ हजार ११२ होतो. २०० रुपये कापले जाऊन २४ हजार ९१२ उरतात, म्हणजे २ टक्के वाढीपेक्षा कमी. पाच टक्के वाढीत हा फरक सहज भरून निघतो. प्राप्तिकराच्या पट्ट्याइतका हा उंबरठा रुंद नाही.

यातून वाट काढता येते का?

घरकर्ज असलेल्यांना जुनी करप्रणाली आठवते, कारण स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरील २ लाखांपर्यंतच्या व्याजाची वजावट तिथेच मिळते. पण वरच्या उदाहरणात ही वजावट, ८०सी ची दीड लाखांची वजावट, ५० हजारांचे स्टँडर्ड डिडक्शन आणि व्यवसाय कर हे सगळे धरले, तरी जुन्या प्रणालीत कर सुमारे १ लाख रुपये होतो. नव्या प्रणालीतल्या ४९ हजार ९२० च्या तो दुप्पट आहे.

नव्या प्रणालीत उपयोगी पडणारी एक तरतूद आहे. राष्ट्रीय पेन्शन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये कंपनीने भरलेली रक्कम मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत करपात्र उत्पन्नातून वजा होते. पगाराची रचना बदलून १३ लाख २३ हजारांपैकी ४८ हजार रुपये कंपनीमार्फत एनपीएसमध्ये वळवले, तर करपात्र उत्पन्न १२ लाखांवर येते आणि कर शून्य होतो. या कर्मचाऱ्याचे मूळ वेतन ६ लाख ६१ हजार ५०० असल्याने १४ टक्क्यांची मर्यादा ९२ हजारांच्या पुढे आहे, म्हणजे ४८ हजार त्यात सहज बसतात.

या मार्गाला दोन अटी आहेत. रक्कम कंपनीने भरलेली असली पाहिजे. कर्मचाऱ्याने स्वतः एनपीएसमध्ये भरलेल्या पैशांची वजावट नव्या प्रणालीत मिळत नाही. शिवाय हे पैसे मुख्यतः निवृत्तीसाठी अडकून राहतात. हातात येणारी रक्कम त्यामुळे थोडीशीच वाढते, पण करात जाणारे सुमारे ५० हजार रुपये स्वतःच्या पेन्शन खात्यात राहतात. ज्या कंपनीत ही सोय आहे, तिथे ती वर्षाच्या सुरुवातीला, गुंतवणुकीची घोषणा भरतानाच मागून घ्यावी लागते. मार्चमध्ये पूर्ण वर्षाची पगाररचना मागे जाऊन बदलता येत नाही.